वाचनाच्या वेगाने चालणारा नळ : ट्रिप्टोफॅन ओपेरॉनची गोष्ट

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दोन मार्गांनी मिळते. बाहेर असेल तर तो ते आत घेतो, नसेल तर स्वतः तयार करतो. ते तयार करणे फार खर्चिक असते. त्यासाठी लागणारी प्रथिने पाच जनुकांत लिहिलेली आहेत. डीएनएवर ती एकामागोमाग एक बसतात आणि एकाच सलग आरएनएत उतरवली जातात. या गटाला ट्रिप्टोफॅन ओपेरॉन म्हणतात. गरज नसताना तो बंद ठेवणे जिवाणूच्या फायद्याचे असते.

बंद ठेवण्याची एक रीत आधीपासून ठाऊक होती. पेशीत ट्रिप्टोफॅन पुरेसे असले की ते रिप्रेसर नावाच्या प्रथिनाला चिकटते, रिप्रेसर डीएनएवर जाऊन बसतो आणि आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवणाऱ्या यंत्राला, सुरुवातच करू देत नाही. एवढ्याने काम भागते असे वाटत होते. पण स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेत या चित्रात न बसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. रिप्रेसर निकामी असलेल्या जिवाणूंनाही ट्रिप्टोफॅनचा तुटवडा जाणवला की या जनुकांचा आरएनए वाढत होता. मग एथेल जॅक्सन आणि यानोफ्स्की यांनी १९७३मध्ये आणखी एक निरीक्षण मांडले. रिप्रेसर बसण्याची जागा आणि पहिले जनुक यांच्यामधला डीएनएचा काही भाग गळालेला असेल, तर रिप्रेसर नसतानाही उत्पादन आणखी वाढते. म्हणजे त्या मधल्या, निरुपयोगी वाटणाऱ्या पट्टीत दुसरा अडसर होता.

पट्टीत काय लिहिले आहे?

ही पट्टी १६२ अक्षरांची आहे. तिच्यावरून आरएनए उतरवला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे तिच्यात फक्त १४ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या पेप्टाइडचा मजकूर आहे. त्यातली दहावी आणि अकरावी जागा ट्रिप्टोफॅनची आहे. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन मुळात विरळ आढळते. चौदा जागांत ते शेजारीशेजारी दोनदा येणे योगायोगाने घडण्याजोगे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या आरएनएत चार तुकडे असे आहेत, की ते एकमेकांशी जोड्या लावून दुमडतात आणि हेअरपिनसारखा आकार घेतात. पहिला दुसऱ्याशी जुळतो, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा चौथ्याशी. पण एक तुकडा एका वेळी एकाच जोडीत असू शकतो. दुसरा तिसऱ्याला घेऊन बसला तर चौथा एकटा राहतो. हे महत्त्वाचे, कारण तिसऱ्या-चौथ्याची जोडी आणि तिच्यामागे येणारी युरॅसिलची रांग मिळून पॉलिमरेजला डीएनएवरून उतरवणारी खूण तयार होते. ती बनली की आरएनए १४० अक्षरांच्या आसपास संपतो आणि पुढची पाच जनुके उतरवलीच जात नाहीत. या रचनेला अ‍ॅटेन्युएटर आणि या नियंत्रणाला क्षीणन म्हणतात.

आता प्रश्न एवढाच उरतो, की दुसऱ्या तुकड्याने कोणाशी जुळायचे हे कोण ठरवते. उत्तर आहे रायबोसोम.

दोन यंत्रे, एक धागा

जिवाणूत केंद्रकाचा पडदा नसतो. त्यामुळे पॉलिमरेज आरएनए उतरवत पुढे जात असतानाच त्याच्या मागून रायबोसोम तो वाचून प्रथिन बनवू लागतो. पट्टीच्या सुरुवातीलाच एक सोय आहे. पहिला आणि दुसरा तुकडा उतरला की त्यांची जोडी लागते आणि पॉलिमरेज सुमारे ९२ अक्षरांवर थबकते. रायबोसोम वाचत येऊन ती जोडी मोडतो, तेव्हा पॉलिमरेज पुन्हा चालू लागते. अशा रीतीने दोघे बरोबरीने निघतात.

ट्रिप्टोफॅन भरपूर आहे असे धरू. ते वाहून आणणारे टीआरएनए भरलेले आहेत, म्हणून रायबोसोम दोन्ही ट्रिप्टोफॅनच्या जागा न अडखळता ओलांडतो आणि थांब-खुणेपाशी पोहोचतो. तिथे त्याचे धूड दुसऱ्या तुकड्याचा काही भाग झाकते. तिसरा तुकडा उतरतो तेव्हा दुसरा त्याला मोकळा मिळत नाही, म्हणून तो पाठोपाठ आलेल्या चौथ्याशी जुळतो. पॉलिमरेज उतरते. दहातली जवळजवळ नऊ पॉलिमरेजे इथेच संपतात.

आता ट्रिप्टोफॅन कमी आहे असे धरू. भरलेला टीआरएनए येत नाही म्हणून रायबोसोम त्या दोन जागांपैकी एकीवर अडकतो. या जागा पहिल्या तुकड्याच्या आतच आहेत. तो तुकडा रायबोसोमखाली दबतो, दुसरा मोकळा राहतो आणि तिसरा उतरताच दोघे जुळतात. चौथ्याला जोडीदारच उरत नाही. पॉलिमरेज सरळ पुढे निघून पाचही जनुके उतरवते.

इथे पेशी ट्रिप्टोफॅन मोजतच नाही, ती वाचनाचा वेळ मोजते. रिप्रेसर मोकळे ट्रिप्टोफॅन पाहतो, तर रायबोसोम ट्रिप्टोफॅन वाहणारा भरलेला टीआरएनए पाहतो. म्हणूनच टीआरएनएवर ट्रिप्टोफॅन चढवणारे एन्झाइम सदोष असलेल्या जिवाणूंत मोकळे ट्रिप्टोफॅन असतानाही क्षीणन सुटते.

हे खरे कशावरून?

या स्पष्टीकरणाची परीक्षा उत्परिवर्तनांनी झाली. पेप्टाइडची सुरुवात-खूण बिघडवली तर रायबोसोम वाचायला बसतच नाही. मग पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा अशा दोन्ही जोड्या निवांत लागतात आणि ओपेरॉन नेहमीपेक्षाही कमी चालतो. म्हणजे वाचन झालेच नाही तर नळ बंद राहतो. ७५व्या जागी, दुसऱ्या तुकड्यात, एक अक्षर बदलले तर दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी कमकुवत होते आणि तुटवड्यातही पॉलिमरेज थांबू लागते.

आणखी बोलका पुरावा म्हणजे आर्जिनिन. पेप्टाइडची बारावी जागा त्याची आहे. जिवाणूला ट्रिप्टोफॅनऐवजी आर्जिनिनची उपासमार केली तरी क्षीणन सुटते, कारण रायबोसोम जवळपास त्याच ठिकाणी अडकतो. कोणते अमिनो आम्ल कमी पडले यापेक्षा रायबोसोम कुठे अडकला हे महत्त्वाचे.

आवाका आणि मर्यादा

रिप्रेसर उत्पादन सुमारे ७० पटींनी कमी-जास्त करतो आणि क्षीणन त्यावर आठ-दहा पटींची भर घालते. दोन्ही मिळून फरक शेकडो पटींचा होतो. तुटवडा सौम्य असताना रिप्रेसर आधी सैल होतो. अ‍ॅटेन्युएटर मात्र भरलेले टीआरएनए खरोखर कमी पडल्यावरच उघडतो.

हीच युक्ती हिस्टिडीनच्या ओपेरॉनमध्ये आणखी ठळक दिसते. तिथे पट्टीतल्या पेप्टाइडमध्ये सलग सात हिस्टिडीन आहेत. बॅसिलस सबटिलिसने ट्रिप्टोफॅनसाठीच वेगळी वाट धरली. त्याच्याकडे ११ एककांचे ट्रॅप नावाचे कडे आहे. ते ट्रिप्टोफॅन घेऊन आरएनएला आपल्याभोवती गुंडाळते आणि जोड्या ठरवते. तिथे रायबोसोमच्या वेगाची गरज नाही. माणसाच्या पेशीत तर ई. कोलायची ही रीत चालणेच शक्य नाही, कारण आरएनए केंद्रकात उतरतो आणि वाचला जातो बाहेर.

ट्रिप्टोफॅन कारखान्यात बनवण्यासाठी जिवाणू तयार करणारे या ज्ञानाचा सरळ वापर करतात. जिवाणूच्या दृष्टीने साठा पुरेसा झाला तरी उत्पादन थांबू नये म्हणून ते रिप्रेसर निकामी करतात आणि मधल्या पट्टीतला अ‍ॅटेन्युएटरही काढून टाकतात. तरी काम पूर्ण होत नाही. ओपेरॉनमधले पहिले एन्झाइम तयार झाल्यावरही ट्रिप्टोफॅन त्याला चिकटून त्याचे काम मंदावते. तो तिसरा अडसर आहे आणि तो हटवण्यासाठी त्या एन्झाइमचे जनुकही बदलावे लागते.