मसुद्यातला निवाडा खरोखर अस्तित्वात आहे का?

अर्जाच्या किंवा लेखी युक्तिवादाच्या मसुद्यातील निवाड्यांची पडताळणी यादीपासून सुरू होते. मजकुरात, तळटिपांत आणि अवतरणांच्या आतही आलेला प्रत्येक निवाडा यादीत उतरवावा लागतो. जुन्या मसुद्यातून जसेच्या तसे उचललेले दाखलेही त्यात हवेतच, कारण ‘नेहमीचा आहे’ म्हणून तपासायचे राहतात ते तेच.

समजा, मसुद्यात ‘अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य, (2014) 8 SCC 273’ असा दाखला आहे. सुप्रीम कोर्ट केसेस या निर्णयसंग्रहाच्या २०१४ सालच्या आठव्या खंडात २७३व्या पानावर हा निवाडा सुरू होतो, असा त्याचा अर्थ. त्या पानावर दुसराच खटला निघाला, किंवा ते पान एखाद्या निवाड्याच्या मध्यावर आले, तर दाखला चुकलेला किंवा रचलेला आहे.

पान जुळले तरी मूळ प्रत उघडावी. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर, तर उच्च न्यायालयांचे ई-कोर्ट्सच्या निवाडे-शोध संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथे पक्षकार, प्रकरण क्रमांक, तारीख आणि न्यायाधीश ताडून पाहावेत. वरील उदाहरणात फौजदारी अपील क्रमांक १२७७/२०१४, तारीख २ जुलै २०१४ आणि न्या. चंद्रमौली कुमार प्रसाद व न्या. पिनाकी चंद्र घोष यांचे पीठ, हे सगळे जुळायला हवे.

यानंतर मसुद्यात उद्धृत केलेले वाक्य मूळ प्रतीत शोधावे. संग्रहातील आणि न्यायालयाच्या प्रतीतील परिच्छेद क्रमांक वेगळे असू शकतात, म्हणून क्रमांकापेक्षा शब्दांनी शोधणे बरे. वाक्य सापडले तरी ते कोणाचे आहे हे पाहावे लागते. निवाड्याच्या सुरुवातीचा सारांश संपादकाचा असतो आणि वकिलांचे म्हणणेही निवाड्यात नोंदवलेले असते. त्यातले वाक्य न्यायालयाचे मत म्हणून देता येत नाही.

निवाडा सापडलाच नाही, तर आधी नावाचे स्पेलिंग बदलून, मग फक्त प्रकरण क्रमांकाने आणि शेवटी तारखेने शोध घ्यावा. एखाद्या लेखात किंवा दुसऱ्या अर्जात त्याचा उल्लेख असणे हा पुरावा नव्हे. चूक तिथूनच आलेली असू शकते. मूळ प्रत हाती येत नसेल तर दाखला मसुद्यातून काढावा.

अस्तित्वात असलेला निवाडा आजही लागू असेलच असे नाही. सुरेश कुमार कौशल प्रकरणातील २०१३चा निर्णय २०१८मध्ये नवतेज सिंग जोहर प्रकरणात रद्दबातल ठरला. म्हणून नंतरच्या निवाड्यांत त्याचे काय झाले हे पाहूनच यादीत खूण करावी. खुणेसोबत तपासणाऱ्याचे नाव व तारीख लिहून मूळ प्रत फाइलला जोडली, की त्या दाखल्याची पडताळणी पूर्ण होते.