राखाडी पडद्यावरची परीक्षा

जुना टीव्ही विकणारा माणूस तुम्ही दारात पोचायच्या आधीच तो लावून ठेवतो. पडद्यावर पोपट उडत असतात, नाहीतर एखादा धबधबा कोसळत असतो. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. पण हलत्या, रंगीत चित्रात पडद्याचे जवळजवळ सगळे दोष बुडून जातात. मागच्या महिन्यात भाच्यासाठी टीव्ही बघायला निघालो तेव्हा खिशात एक पेन ड्राइव्ह घेतला होता. त्यात फक्त चार चित्रं होती: पूर्ण पांढरं, पूर्ण लाल, पूर्ण पिवळं आणि मधला राखाडी. संगणकावर पेंटमध्ये ती दोन मिनिटांत तयार होतात. शिवाय फोन करून सांगितलं होतं, ‘आम्ही येईपर्यंत टीव्ही बंदच राहू द्या.’

पहिला टीव्ही ५५ इंची ओलेड होता. ओलेडमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि जितका जास्त जळेल तितका झिजतो. या घरातले आजोबा दिवसभर बातम्या लावत. धबधब्यात काहीच दिसलं नाही. राखाडी चित्र लावलं आणि खाली आडवी पट्टी उमटली, उजव्या कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह. लाल चित्रावर तर पट्टीची कड रेघ ओढल्यासारखी दिसली, कारण बातम्यांच्या लाल पट्टीने तिथले लाल ठिपकेच सर्वांत जास्त वापरले होते.

“मामा, हे जाईल का?” भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण बराच वेळ एकच चित्र राहिलं तर त्याची तात्पुरती सावलीही उरते. म्हणून दहा-पंधरा मिनिटं एक सिनेमा लावून ठेवला आणि पुन्हा राखाडीवर आलो. तात्पुरती सावली एवढ्यात विरते, निदान फिकी तरी पडते. ही होती तशीच होती. चहा घेऊन निघालो.

दुसरा टीव्ही ४३ इंची, साधा एलईडी. नाव एलईडी असलं तरी यात पडदा एलसीडीचाच असतो आणि त्यामागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या असतात. इथे छापापेक्षा या पट्ट्यांची झीज जास्त बघावी लागते. आधी सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवर नेला. तो मुद्दाम कमी ठेवला असेल तर कमजोर दिवे लपतात. मग खोलीचे पडदे ओढून पांढरं चित्र लावलं आणि सहा-सात फुटांवर बसलो. एखादा दिवा गेला असेल तर तिथे मळकट डाग दिसतो. दिव्यावरचं भिंग गळून पडलं असेल तर उलट टॉर्च मारल्यासारखा गोल उजेड दिसतो. पडदा निळसर-जांभळा वाटला तर दिव्यांवरचा पिवळा लेप झिजलाय असं समजावं, रंगांच्या सेटिंगने तो पुरता सुधारत नाही.

यानंतरची अर्धी तास वाट बघणं सर्वांत कंटाळवाणं, पण टाळू नये. काही दिव्यांचे सांधे थंड असताना चालतात आणि तापल्यावर सुटतात. तेव्हा आवाज चालू राहतो आणि पडदा काळा होतो. असं झालं तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्याजवळ न्यावा. आत चित्र अंधूक हलताना दिसलं तर पडदा शाबूत आहे, उजेड गेलाय. पट्ट्या बदलता येतात. पडदाच फुटला किंवा त्यावर उभ्या रेघा आल्या, तर दुरुस्तीचा हिशेब बहुतेक वेळा नव्या टीव्हीपाशी जातो. आमचा टीव्ही अर्धा तास शांत चालला. पाठीमागचे स्क्रूही ओरबाडलेले नव्हते, म्हणजे बहुधा कुणी उघडला नव्हता.

राहिले पोर्ट. विकणारा एकाच पोर्टवर दाखवतो, म्हणून स्वतःचा लॅपटॉप आणि खात्रीची केबल नेली होती. फोर-के टीव्हीवर पोर्ट फोर-केवर आणि ६० हर्ट्झवर तपासावा. कमी दर्जाच्या चित्रावर ठीक चालणारा पोर्ट पूर्ण भार आला की पांढरे ठिपके टाकतो किंवा क्षणभर काळा होतो. मात्र काही टीव्हींत हा दर्जा प्रत्येक पोर्टसाठी सेटिंगमधून चालू करावा लागतो, ते न बघता पोर्टला दोष देऊ नये. पहिला पोर्ट व्यवस्थित होता. दुसऱ्यावर केबल किंचित हलवली तरी चित्र टिकलं. तिसऱ्यावर ‘सिग्नल नाही’. केबल बदलली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरी तेच.

“त्याला सेट-टॉप बॉक्स होता,” मालक जरा ओशाळून म्हणाले. “पावसात वीज कडाडली, बॉक्सही गेला.” गच्चीवरून आलेली केबल, तिला जोडलेला बॉक्स आणि त्यातून टीव्ही, विजेचा धक्का त्याच वाटेने आला असणार. सांगितलेली किंमत ११ हजार होती. भाच्याला लागणार होते दोनच पोर्ट. साडेनऊला ठरलं.