सर, पगाराबद्दल बोलायचं होतं

बहुतेक खासगी कंपन्यांत पगारवाढ एप्रिलपासून लागू होते आणि तिचं पत्र एप्रिल-मेमध्ये कधीतरी हातात पडतं. पत्रातला आकडा बघून माणूस नाराज होतो, चार दिवस धुसफुसतो आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये शिरतो. तोवर उशीर झालेला असतो. कुठल्या विभागाच्या पगारावर किती रक्कम वाढवायची, हे जानेवारी-फेब्रुवारीतच ठरून गेलेलं असतं. त्यानंतर कुणाला जास्त द्यायचं, तर साहेबांना वेगळी मंजुरी आणावी लागते. जिथे जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात, तिथे हेच काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकतं. त्यामुळे बोलायचं ते आकडे पक्के होण्याच्या महिनाभर आधी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्यांच्यासमोर आपण बसलेलो असतो, त्यांच्या हातात पैसे क्वचितच असतात. तुमच्या मॅनेजरला तुमची बाजू एचआरकडे आणि फायनान्सकडे नेऊन मांडावी लागते, तीही तुम्ही तिथे नसताना. घराचा हप्ता वाढला, मुलाची फी वाढली, ही कारणं खरी असली तरी तिथे टिकत नाहीत. ‘अमक्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतं’ हे तर साहेबांना वर सांगताही येत नाही. आपण बोललेलं त्यांना जसंच्या तसं पुढे सांगता येईल का, एवढी एकच कसोटी लावली तरी सूर बराचसा आपोआप सुधारतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्यात परचेस विभागात एक बाई तीन वर्षं काम करते आहे. सीटीसी ४ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला ४० हजार. गेल्या जुलैत शेजारच्या टेबलावरचा सहकारी नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही आणि त्याचे पुरवठादार हिच्याकडे आले. आधी ३८ होते, आता ६१ आहेत. पॅकिंगच्या खोक्यांचा दर तिने १८ रुपये ५० पैशांवरून १७ रुपये २० पैशांवर आणला. महिन्याला २० हजार खोकी लागतात, म्हणजे वर्षाची बचत ३ लाख १२ हजार.

हा आकडा तसाच टाकायचा मोह होतो. पण फायनान्सवाला पहिला प्रश्न हाच विचारणार, की यंदा कागदच स्वस्त झाला, त्यात यांनी काय केलं? आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणून तिने कागदाच्या दरामुळे कमी झालेले ७० पैसे स्वतःच बाजूला काढायचे. उरलेले ६० पैसे तिचे, कारण एकाच पुरवठादाराकडे जाणारी ऑर्डर दोघांत वाटून तिने दोघांकडून नवे दर मागवले होते. म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. आकडा निम्म्याहून खाली आला, पण आता तो कुणी खोडू शकत नाही. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे बढाई, असा एक संकोच असतो. त्याला माझ्या मते हाच उपाय आहे: विशेषणं गाळायची आणि हिशेब ठेवायचा. ‘मी खूप मेहनत घेतली’ या वाक्याला लाज वाटते, ‘६१ पुरवठादार सांभाळते’ या वाक्याला वाटत नाही.

आता मागायचं किती? त्याच कामाच्या, त्याच पट्ट्यातल्या आणि तितक्याच अनुभवाच्या जागांच्या जाहिराती बघायच्या, भरती करून देणाऱ्या एजन्सीचे फोन आले की पगाराची कक्षा विचारून घ्यायची. पुण्यातल्या आयटीवाल्या मावसभावाचा आकडा इथे उपयोगाचा नाही. समजा, हिला ५ लाख ६० हजार ते ६ लाख २० हजार अशी कक्षा दिसली. ती ५ लाख ७६ हजार मागते, म्हणजे २० टक्के वाढ. कक्षेच्या खालच्या टोकाजवळचा आकडा मान्य करणं साहेबांना सोपं जातं. शिवाय बाहेर कोणता पगार चालू आहे, हे तिला दाखवता येतं.

मागण्यापूर्वी आणखी एक हिशेब घरी करून बघावा. सीटीसी महिन्याला ८ हजारांनी वाढली म्हणजे हातात ८ हजार जास्त येत नाहीत. बेसिक निम्मं असेल तर ते ४ हजारांनी वाढतं. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ४८० रुपये, ग्रॅच्युइटीपोटी धरले जाणारे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे १९२ रुपये आणि तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणखी ४८०. हे वजा जाता हातात ६,८४८ रुपये पडतात. काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच कापतात, तिथे हा आकडा बदलेल. पण बोलताना आपण सीटीसी म्हणतोय की हातातला पगार, हे ठाऊक नसेल तर मंजुरी मिळूनही फसल्यासारखं वाटतं.

आता प्रत्यक्ष बोलणं. चहाच्या टपरीवर किंवा मीटिंग संपता संपता विषय काढू नये, वेळ मागून घ्यावी: ‘सर, माझ्या पगाराच्या फेरविचाराबद्दल बोलायचं होतं. वीस मिनिटं लागतील, या आठवड्यात कधी जमेल?’ विषय आधीच सांगितला की साहेबही तयारीने बसतात. मग तीन-चार वाक्यांत: ‘जुलैपासून दोन टेबलांचं काम माझ्याकडे आहे. पुरवठादार ३८ वरून ६१ झाले, खोक्यांच्या दरात वर्षाला १ लाख ४४ हजार वाचले, तपशील या कागदावर आहे. या कामाला आपल्या भागात साधारण ५ लाख ६० ते ६ लाख २० मिळतात. एप्रिलपासून माझी सीटीसी ५ लाख ७६ हजार व्हावी, अशी विनंती आहे.’

आणि इथे थांबायचं. पुढची शांतता आपल्याला सहन होत नाही, मग ‘म्हणजे अगदी तेवढंच असं नाही, तुम्हीच काय ते बघा’ असं तोंडातून निघून जातं आणि आकडा गेलाच म्हणून समजा. उलट टोकाची चूक म्हणजे हातात दुसरं पत्र नसताना राजीनाम्याची भाषा करणं. ‘व्हावी अशी विनंती आहे’ आणि ‘व्हायलाच हवी’ यांतलं अंतर मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

‘यंदा बजेट नाही’ हे उत्तर बऱ्याचदा खरंच असतं. त्यावर वाद न घालता विचारावं: ‘मग हा विषय पुन्हा कधी घेता येईल, आणि तोवर माझ्या कामात काय दिसायला हवं?’ उत्तरात महिना आणि काम आलं, तर दार उघडं आहे. नुसतं ‘बघू’ आलं, तर बाहेर अर्ज करायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल टाकावी: आज काय बोलणं झालं, काय ठरलं, वेळ दिल्याबद्दल आभार. साहेब बदलले तरी ती मेल राहते.

कधी एचआर मधला मार्ग काढतं: वाढ नेहमीचीच, वर ५० हजार एकरकमी. पैसे वाईट नाहीत, पण पुढच्या वर्षीची टक्केवारी वाढलेल्या पगारावर लागते, या रकमेवर नाही. म्हणून ती घेताना एवढं विचारून घ्यावं: ‘रक्कम मला मान्य आहे. सीटीसीचा आढावा ऑक्टोबरमध्ये घेऊ, असं पत्रात लिहून मिळेल का?’