राखून ठेवलेला पत्ता फोन का घेत नाही?

जुना अँड्रॉइड फोन दारावरचा कॅमेरा म्हणून लावला, की त्याचा घरच्या नेटवर्कवरचा आयपी पत्ता सारखा बदलून चालत नाही. सेव्ह केलेली लिंक मग उघडतच नाही. म्हणून राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवायचा, समजा 192.168.1.50. सगळं बरोबर भरलेलं असतं, राउटर बंद करून पुन्हा चालू केलेला असतो, तरी फोन खुशाल 192.168.1.104 घेऊन बसतो.

यात राउटरची चूक नाही. त्याला फोन कळतो तो फक्त बारा अक्षरांच्या मॅक पत्त्यावरून. आपण फोनच्या माहितीच्या पानावरून उतरवून घेतलेला पत्ता चिपचा कायमचा असतो, उदाहरणार्थ 4C:3B:91:0E:72:A8. वायफायला जोडताना मात्र फोन भलताच पत्ता सांगतो: D6:58:07:C3:1F:4A. राउटरच्या लेखी हा कोणी नवाच पाहुणा, त्याला रिकामा असेल तो पत्ता मिळतो.

असा बनावट पत्ता ओळखायची खूण सोपी आहे. त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असतं. राउटरच्या यादीत तसं दिसलं, की समजायचं.

फोन हे मुद्दाम करतो. कायमचा पत्ता सगळीकडे तोच राहिला, तर वायफाय देणाऱ्या दुकानांना किंवा स्टेशनांना तुम्ही कधी आलात, कधी गेलात याचा माग काढता येतो. म्हणून अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता द्यायची पद्धत सुरू झाली.

वेगळा म्हणजे रोज नवा, असं नव्हे. एका नावाच्या नेटवर्कला फोन सहसा तोच बनावट पत्ता देत राहतो. गोची होते ती राउटरने Ghar आणि Ghar_5G अशी दोन नावं दिली की. राउटर एकच असला तरी फोनच्या हिशेबी ती दोन नेटवर्क. एकीवर आरक्षण चालतं, फोन दुसरीवर गेला की पुन्हा १०४. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा तक्रारीत आधी हेच बघावं.

उपाय फोनमध्येच आहे. अँड्रॉइडवर घरच्या नेटवर्कच्या तपशिलात Privacy खाली Use device MAC निवडायचं. शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात. आयफोनवर Private Wi-Fi Address बंद करता येतं. आयओएस १८ पासून तिथे Fixed आणि Rotating असे पर्याय आहेत. Rotating असेल तर पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो, मग आरक्षण टिकायचं कसं? मला Fixed बरं वाटतं. तिथे दिसणारा पत्ताच राउटरमध्ये भरायचा, म्हणजे चिपचा खरा पत्ता घरीही उघड करावा लागत नाही. बदल केल्यावर फोनचं वायफाय बंद-चालू करावं, कारण नव्याने जोडल्याशिवाय फोन 192.168.1.50 मागायला जात नाही.