अर्धी गोळी आणि बोटांतल्या मुंग्या

परभणीची उंची समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. केदारनाथची ३,५८३ मीटर. सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वारमार्गे गौरीकुंड, असा प्रवास करणारा आपल्याकडचा यात्रेकरू पायवाटेच्या सुरुवातीला जेमतेम दोन हजार मीटरवर असतो. पुढची सोळा-अठरा किलोमीटरची चढण तो एका दिवसात उरकतो आणि त्याच रात्री साडेतीन हजार मीटरवर झोपतो. अडीच-तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असं पर्वतीय वैद्यक सांगतं. इथे एका दिवसात सोळाशे मीटर चढलेले असतात. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं आणि रात्रभर झोप न लागणं हा त्याचा परिणाम. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांची तर ही उंची काही मिनिटांत बदलते.

अशा वेळी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी उपयोगी पडते. ट्रेकर तिला ‘डायमॉक्स’ या व्यापारी नावाने ओळखतात. मूळची ती काचबिंदूवरही वापरली जाणारी. उंचीवर प्राणवायू कमी पडला की शरीर श्वास वाढवतं, पण जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊन रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. विशेषतः झोपेत श्वास अडखळतो आणि प्राणवायू आणखी घसरतो. ही गोळी मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लघवीवाटे टाकायला लावते. रक्त किंचित आम्लाकडे झुकतं, लगाम सैल होतो आणि श्वास खोल चालू राहतो. शरीर हेच जुळवून घेणं स्वतःहून करतं, पण त्याला काही दिवस लागतात.

प्रौढांसाठी प्रतिबंधाचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आपल्याकडची साधी गोळी बहुधा २५० मिलिग्रॅमची असते, म्हणजे अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. केदारनाथच्या बाबतीत पहिली अर्धी गोळी चढाईच्या आदल्या दिवशी, गुप्तकाशी किंवा सोनप्रयागच्या मुक्कामी घ्यायची. वर पोहोचून डोकं ठणकू लागल्यावर सुरू केली तर प्रतिबंधाची वेळ निघून गेलेली असते. वर मुक्काम लांबला तर आणखी दोन दिवस चालू ठेवायची, दुसऱ्याच दिवशी उतरणार असाल तर उतरायला लागल्यावर थांबवायची. मुलांचा डोस वजनावरून ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवावा. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार असलेले यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

जास्त गोळीने जास्त संरक्षण मिळेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं होत नाही. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या ट्रेकरवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२५ आणि ३७५ मिलिग्रॅम या दोन्ही मात्रांनी सारखंच रक्षण केलं. जास्त मात्रेने वाढल्या त्या फक्त मुंग्या.

या मुंग्यांनी लोक घाबरतात. बोटांची टोकं, पाय, ओठांभोवती झिणझिण्या येतात, जातात, पुन्हा येतात. हा औषधाचाच परिणाम आहे. तो निरुपद्रवी असून गोळी बंद केली की दोन-एक दिवसांत जातो. लघवी वारंवार होते आणि सोडा किंवा थंड पेय बेचव लागतं, कारण बुडबुड्यांची चव ओळखणारं जिभेवरचं एन्झाइमही ही गोळी रोखते. थंडीने बोट पांढरं, बधिर पडणं मात्र वेगळं, तिथे हिमदंशाची शंका घ्यावी. एकाच बाजूच्या हातापायांतली शक्ती गेली तर त्याचा दोष गोळीला देऊन वेळ घालवू नये. म्हणूनच निघण्याच्या काही आठवडे आधी घरीच एक-दोन दिवस गोळी घेऊन पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन. मुंग्यांची ओळख परभणीत झाली तर वर धास्ती वाटत नाही.

सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. सेप्ट्रानसारख्या सल्फा प्रतिजैविकाने पूर्वी अंगावर पुरळ उठलेली माणसं बरीच असतात. अ‍ॅसिटाझोलामाइड सल्फा गटातलं असलं तरी प्रतिजैविक नाही. त्या औषधांत अ‍ॅलर्जी घडवणारे रासायनिक भाग याच्यात नसतात, त्यामुळे सौम्य पुरळ आलेल्या बहुतेकांना ते चालतं. तरी पहिली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखाना जवळ असताना घ्यावी. पण सल्फाने घसा सुजून श्वास अडकला असेल, रक्तदाब कोसळला असेल किंवा कातडी सोलून तोंडात फोड आले असतील, तर ही गोळी टाळावीच. अशांनी डेक्सामेथासोनबद्दल डॉक्टरांना विचारावं, पण ते शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करत नाही आणि वर असताना अचानक थांबवलं तर त्रास उफाळू शकतो. त्याहून बरा उपाय म्हणजे वाटेत लिंचोलीला एक मुक्काम वाढवणं.

गोळी घेतली तरी त्रास होऊ शकतो. डोकं दुखत असताना पुढे चढू नये. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना तोल जात असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली आहे असं धरून त्याला सोबत घेऊन त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरवावं.