औषध चुकीच्या वाटेला जाऊ नये म्हणून

पावसाळा तोंडावर आला, की आम्हा टेमघरच्या बायकांची शेळ्यांना जंताचं औषध पाजायची गडबड सुरू होते. आज पाजणं आणि टोचणं, दोन्हींबद्दल बोलूया.

आधी माप. समजा, डॉक्टरांनी आल्बेंडाझोल किलोला साडेसात मिलिग्रॅम सांगितलं. शेळी २० किलोची, म्हणजे १५० मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या बाटलीत दर मिलीला २५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून ६ मिली पाजायचं. चमच्यानं अंदाज नको, सुई काढलेली सिरिंज घ्या. शेळी गाभण असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गाभणपणाच्या सुरुवातीला हे औषध चालत नाही.

आता पाजणं. घशात अन्ननळी आणि श्वासनळी शेजारी शेजारी असतात. तोंड आभाळाकडे केलं किंवा जीभ ओढून धरली, की जनावराला नीट गिळता येत नाही आणि औषध फुप्फुसात उतरतं. म्हणून नाक डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका. ओठाच्या कोपऱ्यात, जिथं दात नसतात तिथून सिरिंज गालाच्या बाजूनं आत घाला आणि घोट-घोट सोडा. खोकला आला, की लगेच थांबा आणि मान खाली सोडा. पोटफुगीत तेल पाजताना तर फारच जपा, कारण तेल श्वासनळीत गेलं तरी खोकला येईलच असं नाही. नंतर धाप, ताप, नाकातून स्राव दिसला किंवा शेळीनं चारा सोडला, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

इंजेक्शन डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखालीच द्यायचं. पण जनावर धरतो आपण, म्हणून जागा आपल्यालाही माहीत हवी. पीपीआरची लस कातडीखाली देतात. मानेच्या बाजूची कातडी चिमटीत उचलायची आणि त्या घडीत सुई घालायची. मांसात द्यायचं औषधही मानेच्या बाजूला देता येतं. पुठ्ठ्यावर नको. तिथून पायाची मोठी नस जाते आणि बारीक शेळी कायमची लंगडी होऊ शकते. दट्ट्या जरा मागे ओढल्यावर रक्त आलं, तर सुई काढून दुसरी जागा घ्यायची. जागा कोरडी आणि स्वच्छ हवी.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा आपल्या राज्यात गाईबैलांना शेळीच्या देवीची लस कातडीखाली टोचली. हा रोग माशा-डासांप्रमाणे वापरलेल्या सुईनंही पसरू शकतो. म्हणून दर जनावराला नवी सुई मागून घ्या. टोचलेली सुई परत बाटलीत घातली, तर अख्खी बाटली खराब होते. सुई नुसती पाण्यानं किंवा स्पिरिटनं पुसून भागत नाही.

टोचल्यावर आलेली लहान गाठ काही दिवसांत बसते. ती गरम लागली, दुखू लागली किंवा वाढत गेली, तर पू झाला असं समजा. ती घरी फोडू नका, दवाखान्यात दाखवा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा आणि डॉक्टरांकडे परत द्या. उकिरड्यावर टाकल्या, तर शेण भरताना आपल्याच हाताला लागतील.