साखर, हिरड्या आणि तीन महिन्यांचा हिशेब

गोळ्या वेळेवर चालू आहेत, साखरेचा चहा बंद झाला आहे, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी तपासणी साडेआठच्या खाली उतरत नाही. अशा वेळी औषध वाढतं, आहाराची पुन्हा चौकशी होते. हिरड्या दाखवून या, असं मात्र फार कमी रुग्णांना सांगितलं जातं. खरं तर मधुमेह आणि हिरड्यांचा जुनाट आजार एकमेकांना वाढवत असतात. हॅराल्ड लोए या दंतसंशोधकाने 1993 मध्येच हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या पंगतीत त्याने हिरड्यांना बसवलं.

आपण ज्याला पायरिया म्हणतो, तो पेरिओडोंटायटिस हा आजार दाताच्या आधाराचा आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी माणसालाही एक ते तीन मिलिमीटरची फट असते. तिथे जंतूंचा थर साचत गेला की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि फट खोल होते. या खोल फटीला दंतवैद्य पॉकेट म्हणतात. चार मिलिमीटरच्या पुढे ब्रश आत पोचत नाही. खाली दाताला धरून ठेवणारं हाड झिजत राहतं, पण दुखत नाही, म्हणून कित्येकांना दात हलायला लागल्यावरच आजार कळतो. त्याआधीच्या खुणा साध्या असतात: ब्रश करताना रक्त येणं, तोंडाला वास, दातांमध्ये नव्याने पडलेल्या फटी, लांब दिसू लागलेले दात.

मधुमेह नसलेल्यांपेक्षा मधुमेहींना हा आजार होण्याची शक्यता दोन ते तीन पट असते, पण हा वाढीव धोका मुख्यतः साखर ताब्यात नसलेल्यांचा आहे. रक्तात साखर जास्त काळ चढी राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते आणि त्यातून तयार होणारे पदार्थ हिरडीतही साठतात. ते तिथल्या पेशींना सतत सूज धरायला लावतात. जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम भरणारे धागे कमकुवत बनतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशी मात्र जोरात असतात. म्हणून 2017 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेल्या नव्या वर्गीकरणात एचबीए1सी 7 किंवा त्याहून जास्त असलेल्या मधुमेही रुग्णाचा हिरड्यांचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात.

उलटा रस्ताही तितकाच खरा आहे. पॉकेटच्या आतलं अस्तर सोललेलं, रक्ताळलेलं असतं. एका अंदाजानुसार, आजार असलेल्या तोंडात दातांना लागून असलेलं हे अस्तर सलग पसरलं तर 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतं. एवढी जखम पायावर असती तर कोणी वर्षभर गप्प बसलं नसतं. या जागेतून जंतू आणि सूज वाढवणारी रसायनं रोज रक्तात जातात. ही रसायनं स्नायू आणि यकृताला इन्शुलिनचं म्हणणं नीट ऐकू देत नाहीत, आणि साखर चढीच राहते.

मग हिरड्यांवर उपचार केले तर साखर किती उतरते? 2022 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 35 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए1सी सरासरी 0.43 ने कमी झालेलं दिसलं. हा आकडा छोटा वाटेल, पण चालू औषधात आणखी एक गोळी जोडून मिळणाऱ्या फायद्याच्या तो जवळपास जातो.

तरी सगळ्या चाचण्यांनी एकच सांगितलेलं नाही. अमेरिकेत 514 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साखरेत काहीच फरक पडला नाही. लंडनमधल्या 264 रुग्णांच्या चाचणीत मात्र वर्षभरानंतर 0.6 चा फरक दिसला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या चाचणीवर अनेक हिरडीतज्ज्ञांनी एक आक्षेप घेतला. उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवर थर आणि हिरड्यांतून रक्त येणं बरंच शिल्लक होतं. लंडनमध्ये उपचार अधिक कसून झाले, गरज पडली तिथे छोटी शस्त्रक्रियाही झाली आणि देखभाल वर्षभर चालू राहिली. थोडक्यात, वरवरच्या सफाईने साखर उतरेल असं मानू नये. सूज खरोखर गेली पाहिजे.

समजा, 54 वर्षांच्या एका बाईंचं एचबीए1सी 8.8 आहे आणि मागच्या दाढांना सहा-सात मिलिमीटरची पॉकेट्स आहेत. साखर उतरेपर्यंत थांबा, असं त्यांना सांगणं चूक आहे. खोल सफाई लगेच सुरू करता येते. थांबवायची असते ती तातडीची नसलेली शस्त्रक्रिया आणि इम्प्लांट. आधी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजून नोंद होते. मग जागा बधिर करून, दोन ते चार भेटींत हिरडीखालचं कीटण आणि मुळावरचा थर काढला जातो. भेटीची वेळ सकाळची घ्यावी, नाश्ता आणि नेहमीचं औषध घेऊनच जावं. उपाशीपोटी गोळी घेऊन खुर्चीत बसलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

पुढे तीन महिन्यांनी हिरड्या पुन्हा मोजतात. एचबीए1सीही तेव्हाच करतात, हे सोयीचं आहे. बाईंनी या काळात आहार आणि औषधं सांभाळून साखर 7.4 वर आणली असेल, तर सहाचं पॉकेट चारवर येणं, रक्त थांबणं शक्य आहे. यातला 0.4 च्या आसपासचा वाटा हिरड्यांचा, उरलेला औषध आणि ताटाचा. साखर नऊवरच राहिली, तर सुरुवातीला हिरड्या बऱ्या दिसतात, पण काही महिन्यांत पॉकेट्स परत खोल होतात. मग सफाईचा उपयोग नाही असा समज होतो आणि माणूस दवाखान्यात जाणंच सोडतो.

आणखी एक समज त्याला जोडून येतो: सफाईने दात ढिले होतात. कीटण निघालं, सूज उतरली की हाड किती झिजलं आहे ते दिसू लागतं, फटी उघड्या पडतात, थंड पाणी झोंबतं. झीज आधीच झालेली असते. तंबाखू आणि मिश्रीची सवयही इथे आड येते. दोन्हींनी हिरड्यांचं नुकसान होतंच, शिवाय तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं आणि आजार असूनही हिरडी ठीक वाटते.

गेलेलं हाड बहुधा पूर्ण परत येत नाही. उपचाराचा हेतू झीज थांबवणं हा असतो, म्हणून मधुमेहींना दर तीन महिन्यांनी देखभालीसाठी बोलावतात. दाढांच्या फटींत रोज बारीक ब्रश फिरवणंही त्याचाच भाग. दंतवैद्याकडे जाताना शेवटचा साखरेचा अहवाल न्यावा, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना हिरडीतून रक्त येतं का हे आपणहून सांगावं. अहवालात साखर अडून बसली असेल, तर पुढची गोळी वाढवण्याआधी पॉकेटची खोली मोजून घेण्याचा आग्रह रुग्णानेच धरावा.